सागवानाच्या खुंटाचा फोटो आणि त्यातली पावसाची वर्षं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

16 मे 2021 ला तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हा सत्तरीतल्या आमच्या भाटात तीन सागवान आडवे झाले. रस्ता मोकळा करायला ते कापावे लागले आणि मागे उरलेल्या खुंटांवर वलयं दिसू लागली. ती मोजताना मी बऱ्याच चुका केल्या आणि त्या निस्तरताना बरंच शिकलो. तेव्हापासून लोक आपापल्या खुंटांचे फोटो पाठवून विचारत असतात. त्यांच्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

गोव्यातल्या कुठल्याही झाडाची वलयं मोजता येतात का?

नाही. सगळ्यात जास्त फोटो येतात ते माडाचे, आणि माडात वलयं नसतातच. माड आणि पोफळ ही गवताच्या जवळच्या कुळातली. त्यांच्या खोडात सालीखाली दरवर्षी नवं लाकूड घालणारा थर नसतो, त्यामुळे कापावर नुसते विखुरलेले ठिपके दिसतात. खोडाच्या बाहेर जे आडवे वळ असतात ते गळलेल्या झावळ्यांच्या खुणा असतात. वर्षाला अनेक झावळ्या गळतात, तेव्हा वळ म्हणजे वर्ष नव्हे.

आंबा, फणस, काजू ही झाडं वर्षभर हिरवी असतात. वाढ पूर्ण थांबतच नाही, म्हणून वर्षाची हद्द कुठेतरी पुसट दिसते, कुठेतरी दिसतच नाही. फणसाच्या पिवळ्याधमक कापावर गोल पट्टे छान दिसतात, पण ते वर्षाचे आहेत असं धरून चालता येत नाही. मट्टी, म्हणजेच ऐन, हे झाड पानगळीचं आहे, तरी त्याची हद्द सागाइतकी स्वच्छ नसते.

भरवशाचा तो सागवान. उन्हाळ्यात तो पानं टाकतो आणि त्याची वाढ थांबते. मे-जूनमध्ये नवी पालवी येते तेव्हा लाकडात मोठ्या नळ्यांची एक ओळ तयार होते आणि तिच्याभोवती फिकट, मऊ पेशींचा पट्टा असतो. पुढे पावसाळाभर नळ्या बारीक आणि विरळ होत जातात, लाकूड दाट होतं. दाट लाकडाला लागून पुन्हा अचानक मोठ्या छिद्रांची ओळ आली की तिथे नवं वर्ष सुरू झालं. या पानावर यापुढे जे काही आहे ते फक्त सागाबद्दल.

खुंटाचा फोटो तर आहे, मग मोजणी का जमत नाही?

बहुतेक वेळा फोटो दोन ठिकाणी कमी पडतो: लाकडाची तयारी आणि फोटोचं अंतर.

चेनसॉने कापलेल्या लाकडावर करवतीचे ओरखडे असतात आणि नळ्यांची तोंडं फाटून बुजलेली असतात. सगळा खुंट गुळगुळीत करत बसू नका. गाभ्याच्या मध्यापासून सालीपर्यंत चार बोटं रुंदीचे पट्टे आखा, निदान तीन, वेगवेगळ्या दिशांना. तेवढेच पट्टे आधी धारदार पटाशीने किंवा लहान रंध्याने सपाट करा आणि मग पॉलिश पेपरने घासा. 80 नंबरपासून सुरू करून 120, 220 आणि शेवटी 400. मधला नंबर गाळला तर आधीचे ओरखडे राहतात आणि फोटोत तेच वलयांसारखे दिसतात. घासून झाल्यावर भुसा ब्रशने झटकून काढा. मग पांढरा खडू चोळून कापडाने पुसला तर मोठ्या नळ्यांत पांढरी पूड बसते आणि वर्षाची ओळ ठिपक्यांची माळ होऊन उठून दिसते. पहिल्यांदा हे केलं तेव्हा, जो पट्टा मी दोन दिवस भिंग घेऊन न्याहाळत होतो, तो हातभर अंतरावरून वाचता आला.

आता अंतर. फोनच्या साध्या फोटोत साधारण 4000 गुणिले 3000 ठिपके असतात. 45 सेंटिमीटर रुंदीचा खुंट पूर्ण दिसावा म्हणून थोडी कड ठेवून फोटो काढला, तर एका मिलिमीटरला जेमतेम 6 ठिपके येतात. सागाची मोठी नळी साधारण पाव मिलिमीटरची असते, म्हणजे तिला एक-दीड ठिपका मिळाला. ती दिसणारच नाही. तोच फोन जवळ नेऊन एका फोटोत फक्त 10 सेंटिमीटर लांबीचा पट्टा घेतला, तर मिलिमीटरला 40 ठिपके मिळतात आणि नळी दहा ठिपक्यांची होते. तेव्हा एका पट्ट्याचे तीन-चार फोटो काढा. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतली दोन-तीन वलयं पुन्हा आली पाहिजेत. लाकडावर स्टीलची पट्टी ठेवा. फोन कापाच्या बरोबर समोर धरा, तिरका नको. ऊन थेट पडू देऊ नका. सकाळच्या सावलीत एका बाजूने येणारा उजेड सगळ्यात चांगला.

पूर्ण खुंटाचा एक फोटो मात्र वेगळा काढून ठेवा. तो मोजायला नाही, तर कुठला पट्टा कुठल्या दिशेला होता हे पुढे कळायला.

मोजायला आतून सुरुवात करायची की बाहेरून?

बाहेरून, सालीकडून. झाड कधी पडलं ते आपल्याला माहीत असतं, कधी रुजलं ते बहुधा नसतं.

मात्र नुसतं साल पुरत नाही, महिनाही हवा. आपल्याकडे सागाची वाढ साधारण जून ते नोव्हेंबर अशी एकाच कॅलेंडर वर्षात बसते, ही मोठी सोय आहे. मार्चमध्ये कापलेल्या झाडाचं सालीलगतचं वलय आदल्या वर्षाचं आणि पूर्ण असतं. ऑगस्टमध्ये कापलं असेल तर बाहेरचं वलय त्याच वर्षाचं पण अर्धं, त्याची रुंदी धरायची नाही. मे-जूनमध्ये पडलेलं झाड अडचणीचं असतं, कारण नव्या नळ्यांची ओळ नुकती सुरू झालेली असू शकते. आमच्या झाडांवर 16 मेपर्यंत ती ओळ उमटली नव्हती, म्हणून सालीखालचं वलय 2020 चं.

साल गळून पडली असेल आणि बाहेरचं फिकट, कच्चं लाकूड वाळवीने किंवा कुजून गेलं असेल, तर तारखा लावू नका. वलयांचा क्रम वाचता येईल, पण कुठलं वलय कुठल्या वर्षाचं ते त्या एका खुंटावरून ठरणार नाही.

दर दहाव्या वर्षावर, म्हणजे 2020, 2010, 1990 असं, पेन्सिलीने एक ठिपका द्या, 1950 वर दोन आणि शतकाच्या वर्षावर, म्हणजे 2000 वर, तीन. जगभर हीच रीत आहे आणि तिचा खरा उपयोग फोटोत होतो. मोजताना चुकलात तर मागच्या ठिपक्यापासून पुन्हा मोजायचं, सालीपासून नाही.

तीन पट्ट्यांवर तीन वेगळे आकडे आले. खरा कुठला?

कदाचित एकही नाही, आणि सरासरी तर मुळीच काढू नका. 44, 42 आणि 41 ची सरासरी काढून काहीच हाती लागत नाही. प्रत्येक जादा आणि प्रत्येक हरवलेलं वलय शोधून काढावं लागतं. हेच आकडे आमच्या सगळ्यात मोठ्या खुंटावर आले होते, म्हणून तेच उदाहरण घेतो.

पहिल्या पट्ट्यावर 44. त्यातल्या दोन रेषांचा मला संशय आला, कारण तिथे फिकट पट्टा होता पण त्याच्या दोन्ही कडा विरघळत गेल्यासारख्या होत्या. खऱ्या वर्षाची हद्द एका बाजूने सुरीने कापल्यासारखी असते: आत दाट लाकूड आणि लगेच मोठी छिद्रं. मी त्या दोन्ही रेषांवर टाचण्या टोचल्या आणि त्या रेषा धरून खुंटाभोवती बोट फिरवलं. एक रेषा वीतभर गेली आणि नाहीशी झाली. दुसरी जवळजवळ अर्धा खुंट फिरली, पण पुढे तिच्यात मोठ्या नळ्या उरल्या नाहीत. दोन्ही खोटी वलयं. एप्रिल-मेमध्ये वळीव जोरात झाला की साग पालवतो आणि मग मृग कोरडा गेला की वाढ पुन्हा अडते. अशा एका वर्षात दोन सुरुवाती उमटतात. पावसाळ्यात मध्येच दोन-तीन आठवडे उघडीप पडली तरीही असं होऊ शकतं.

तिसऱ्या पट्ट्यावर 41. इथे एक वलय कमी होतं. सागाचा बुंधा खाली गोल नसतो, त्याला पन्हळीसारख्या खाचा असतात, आणि हा पट्टा नेमका एका खाचेतून गेला होता. खाचेत लाकूड कमी वाढतं. दुसऱ्या पट्ट्यावरचं प्रत्येक वलय बोटाने खाचेपर्यंत आणत गेलो, तेव्हा बाहेरून एकोणिसावं वलय खाचेत शिरता शिरता पातळ झालं आणि शेजारच्या वलयाला चिकटून संपलं. बाहेरून एकोणिसावं म्हणजे 2002.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वलय हरवतं ते मुळात अरुंद असलेलंच, म्हणजे आपण जे कोरडं वर्ष शोधत असतो तेच. एकाच पट्ट्यावर विसंबून मोजणारा माणूस बरोबर त्याच वर्षाला मुकतो आणि त्याच्या आतल्या सगळ्या तारखा एकेक वर्षाने सरकतात. म्हणून पट्टा फुगवट्यावरून आखा, खाचेतून नाही. उतारावरच्या झाडात गाभाही मध्यावर नसतो. सागासारख्या रुंद पानांच्या झाडात चढाकडच्या बाजूला वलयं रुंद होतात, म्हणून एक पट्टा चढाकडे, एक उताराकडे आणि एक आडवा घ्यावा.

खरा आकडा 42 होता.

मग झाड 42 वर्षांचं?

कापाच्या उंचीवर 42. सर्वात आतलं वलय 1979 चं ठरलं. घरातल्या जुन्या वहीत मात्र 1978 च्या आषाढात रोपं लावल्याची नोंद आहे. मी आधी एक वलय चुकलं म्हणून पुन्हा पुन्हा मोजत बसलो होतो. शेवटी लक्षात आलं की काप गुडघ्याच्या उंचीवर होता. चिऱ्याच्या भरड जमिनीत लावलेलं रोप पहिल्या पावसाळ्यात तेवढं उंच झालंच नव्हतं, म्हणून त्याचं पहिलं वर्ष कापाच्या खाली राहिलं. काप जितका जमिनीलगत, तितकी ही चूक लहान.

जुन्या खुंटाला फुटलेल्या धुमाऱ्यापासून साग वाढला असेल, तर उलट असतं. मुळं तयार असल्यामुळे तो पहिल्याच पावसात माणसाच्या उंचीचा होतो आणि आतली वलयं भलतीच रुंद असतात.

अरुंद वलय दिसलं की ते दुष्काळाचं वर्ष समजायचं का?

मापल्याशिवाय नाही. सागाची आतली वलयं वयामुळेच रुंद असतात आणि बाहेरची अरुंद. गाभ्याजवळचं 6 मिलिमीटरचं वलय त्या वयाला अरुंद असू शकतं आणि सालीजवळचं 4 मिलिमीटरचं रुंद. म्हणून प्रत्येक वलयाची तुलना त्याच्या शेजाऱ्यांशी करायची.

ImageJ हा मोफत प्रोग्रॅम यासाठी पुरतो. फोटो उघडा, स्टीलच्या पट्टीवर 50 मिलिमीटरची रेघ ओढा, `Analyze > Set Scale...` मध्ये `Known distance` ला 50 आणि `Unit of length` ला `mm` भरा. मग प्रत्येक वलयावर, हद्दीला काटकोनात, रेघ ओढून `Analyze > Measure` करत जा. आकडे स्प्रेडशीटमध्ये उतरवा.

आमच्या खुंटाचे दुसऱ्या पट्ट्यावरचे 1998 ते 2006 चे आकडे मिलिमीटरमध्ये असे होते: 4.4, 4.6, 4.1, 3.8, 2.2, 3.6, 3.9, 3.4, 3.3. या नऊ वर्षांची सरासरी 3.7. मधलं 2.2 हे 2002 चं. त्याला 3.7 ने भागलं की 0.59 येतं, म्हणजे त्या काळात झाड जेवढं वाढत होतं त्याच्या सहा दशांशाहूनही कमी. 1998 तिसऱ्या ओळीत आणि 2006 अकराव्या ओळीत असेल, तर 2002 साठी सूत्र असं:

```
=B7/AVERAGE(B3:B11)
```

हेच सूत्र खाली ओढत न्या. पहिल्या आणि शेवटच्या चार वर्षांना दोन्हीकडे पुरेसे शेजारी नसतात, त्यांच्याबद्दल बोलू नका. मी 0.7 च्या खालच्या वर्षांवर खूण करतो. ही हद्द माझ्या सोयीची आहे, तुम्ही थोडी वेगळी धरलीत तरी चालेल, पण सगळ्या खुंटांना एकच धरा.

गोव्यात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. इथे झाडाला दुष्काळ कसला?

हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे, आणि याचं उत्तर कळेपर्यंत माझं वाचन चुकत होतं. मी वर्षाचा एकूण पाऊस आणि वलयाची रुंदी शेजारी मांडून बसलो होतो आणि काहीच जुळत नव्हतं.

गोव्याच्या पावसातून पाव हिस्सा वजा केला तरी दोन हजारांहून जास्त मिलिमीटर उरतो, पुण्याच्या कित्येक पट. जुलैत सागाला पाण्याची ददात सहसा नसते. जांभ्याच्या जमिनीत पाणी टिकतही नाही. मुसळधार पावसाचं पाणी वाहून म्हादईला मिळतं, आणि झाडाच्या दृष्टीने 1000 मिलिमीटरचा जुलै आणि 700 चा जुलै यांत फारसा फरक नसतो. उलट आठवडेच्या आठवडे ढग राहिले तर पानांना उजेड कमी पडतो.

झाडाला फरक पडतो तो दोन टोकांना. पालवी फुटल्यावर पाऊस वेळेवर आला का, आणि परतीचा पाऊस ऑक्टोबरात किती दिवस रेंगाळला. वलयाची रुंदी ही बऱ्याच अंशी ओल किती दिवस टिकली याची नोंद असते. म्हणून इथलं अरुंद वलय "पाऊस कमी झाला" असं न वाचता "ओलीचा काळ आखूड झाला किंवा मध्ये तुटला" असं वाचा. पणजी किंवा वाळपईच्या पर्जन्यमापकाचे आकडे घेताना वर्षाचे नको, महिन्यांचे घ्या. मे, जून आणि ऑक्टोबर आधी बघा, मग जुलै-ऑगस्टमध्ये लांब उघडीप होती का ते.

2002 हे वर्ष याच दुसऱ्या प्रकारचं. त्या वर्षी जुलैत देशभरात पाऊस नेहमीच्या निम्म्यावर आला होता. पावसाळा मध्येच तुटला आणि सागाच्या ऐन वाढीच्या दिवसांत तुटला.

म्हणजे रुंद वलय हे भरपूर पावसाचं वर्ष?

ही बाजू कमजोर आहे. रुंद वलयाला लवकर सुरुवात, मधूनमधून ऊन आणि लांबलेला परतीचा पाऊस असं सगळं जुळून यावं लागतं. अतिवृष्टीचं वर्ष साध्या रुंदीच्या वलयात सहज लपतं. शिवाय शेजारचं झाड पडलं किंवा विरळणी झाली, तर उजेड मिळून पुढची चार-पाच वलयं सलग रुंद होतात. एखादंच रुंद वलय पावसाचं असू शकतं. सलग रुंद वलयं बहुधा मोकळ्या झालेल्या जागेची असतात.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी केरळच्या सागांवरून 1481 ते 2003 अशी पाचशेहून जास्त वर्षांची मालिका लावली आहे. तिच्यातही ठळकपणे बोलली ती अरुंद वलयं, एल निनोशी जोडलेल्या कमी पावसाच्या वर्षांची. आपल्या भाटातल्या एका खुंटाकडून त्याहून जास्त मागणं बरोबर नाही.

एकच खुंट आहे. त्यावरून वर्षं सांगता येतील?

वय सांगता येईल. पावसाबद्दल सांगायला निदान तीन-चार झाडं हवीत, एकाच जागेवरची.

आमच्याच खुंटावर 2002 इतकंच अरुंद आणखी एक वलय होतं, 1994 चं. पण 1994 मध्ये देशात पाऊस चांगला झाला होता. मी बाकीचे दोन खुंट पट्टे पाडून मोजले. 2002 तिन्हींवर अरुंद, 1994 फक्त या एकावर. म्हणजे ते झाडाचं वैयक्तिक दुखणं होतं: मोठी फांदी मोडली असेल, मुळाला मार बसला असेल. पावसाशी त्याचा संबंध नाही.

याच्या उलट फसगतही होते. सागाची पानं खाणाऱ्या अळ्यांची धाड पावसाच्या सुरुवातीला येते आणि आठवड्या-दोन आठवड्यांत रानच्या रान निष्पर्ण होतं. झाड पुन्हा पालवतं, पण वाढीचे पहिले दिवस गेलेले असतात. त्या वर्षी सगळेच साग अरुंद वलय घालतात आणि ते हुबेहूब उशिरा आलेल्या पावसासारखं दिसतं. फोटोवरून हे ओळखता येत नाही. पर्जन्यमापकात जून चांगला दिसत असेल आणि तरीही सगळे साग अरुंद असतील, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा की त्या वर्षी सागाच्या पानांच्या जाळ्या झाल्या होत्या का. अशा गोष्टी त्यांच्या लक्षात असतात.

खुंट जुळवायला सोपी रीत म्हणजे आलेखाचा कागद. अमेरिकेत ए. ई. डग्लस यांनी शंभरेक वर्षांपूर्वी ती रुळवली. कागदाच्या पट्टीवर एक घर म्हणजे एक वर्ष. वलय जितकं अरुंद तितकी उभी रेघ लांब, साध्या वलयाला रेघच नाही. प्रत्येक खुंटाची वेगळी पट्टी करा आणि एकीखाली एक सरकवून बघा. सगळ्या लांब रेघा एका वर्षाने पुढे-मागे जात असतील, तर दोष पावसाचा नाही. कुठल्यातरी खुंटावर एक वलय खोटं मोजलंय किंवा हरवलंय, आणि रेघा जिथून घसरायला लागतात तिथेच ते सापडेल.

हे करायला झाड तोडलेलं चालेल का?

नको. गोव्यात 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली झाड तोडायला परवानगी लागते, आणि वलयं मोजणं हे तोडण्याचं कारण होऊ शकत नाही. वादळात पडलेली झाडं, रस्तारुंदीत परवानगीने कापलेली झाडं, सॉमिलमधले ओंडके पुरेसे आहेत. सॉमिलचा ओंडका घेतलात तर तो कुठल्या गावचा आणि कुठल्या महिन्यात कापलेला ते आधी विचारा. ते कळलं नाही तर सरावासाठी वापरा, वर्षं लावू नका.

खुंटाचा गाभा पोकळ आहे. मोजायचं सोडून द्यायचं?

सोडू नका. बाहेरून आत मोजत असल्यामुळे जेवढं लाकूड शाबूत आहे तेवढ्या वलयांच्या तारखा पक्क्याच राहतात. वय मात्र "निदान इतकं" असंच सांगा. पोकळीची त्रिज्या मोजून तिला सरासरी रुंदीने भागायचा मोह होतो, पण आतली वलयं रुंद असतात, त्यामुळे झाड आहे त्याहून म्हातारं ठरतं. आमच्या तिसऱ्या खुंटात मुठीएवढी पोकळी होती. त्यावर 36 वलयं मिळाली, 1985 पर्यंतची, आणि तेवढ्यावर 2002 ची लांब रेघ बाकी दोन पट्ट्यांखाली बरोबर बसली.